निहित न झालेला पैसा : दिल्लीतील एका राजीनाम्याच्या निमित्ताने

नोकरी सोडताना कर्मचाऱ्याच्या हातात काय पडते, या प्रश्नाचे उत्तर पगारपत्रकावरून मिळत नाही. मालकाने त्याच्या म्हातारपणासाठी म्हणून बाजूला ठेवलेल्या रकमेवर त्याचा हक्क कोणत्या दिवशी पक्का झाला, यावर ते अवलंबून असते. हा हक्क पक्का होण्याला इंग्रजी कायद्यात ‘व्हेस्टिंग’ म्हणतात. आपल्या शासकीय मराठीत ‘निहित होणे’ असा शब्द आहे आणि तो मुख्यतः जमिनीच्या संदर्भात वाचायची आपल्याला सवय आहे. जमीन शासनाकडे निहित झाली, असे आदेशात लिहिलेले असते. निवृत्तीच्या पैशाबाबत प्रवाह उलटा असतो. पैसा मालकाचा असतो आणि सेवेची ठरावीक वर्षे भरली की तो कर्मचाऱ्याकडे निहित होतो. वर्षे भरण्याआधी कर्मचारी निघून गेला तर जो भाग निहित झालेला नाही तो त्याला मिळत नाही. मग तो जातो कुठे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

गुडगाव आणि नोएडा येथील परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून हा शब्द अलीकडे आपल्याकडे रुळला, त्यामुळे ही कल्पनाही आयात झालेली आहे असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ती आपल्या कायद्यात शंभर वर्षांपासून आहे. १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड्स ॲक्टचे सहावे कलम वाचावे. सरकारी आणि रेल्वेच्या अंशदायी भविष्यनिर्वाह निधीत कर्मचारी आपली वर्गणी भरी आणि सरकार आपले अंशदान टाकी. कर्मचाऱ्याला नियमांत सांगितलेल्या कारणांसाठी बडतर्फ केले असेल, किंवा त्याने नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत राजीनामा दिला असेल, तर सरकारी अंशदान आणि त्यावरील व्याज यांपैकी सर्व किंवा काही रक्कम कापून सरकारकडे परत घेण्याची मुभा या कलमाने दिली. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वर्गणीला मात्र हात लावता येत नसे. गंमत अशी की याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने ही संपूर्ण ठेव सावकाराच्या जप्तीपासून सुरक्षित केली होती. म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा घेऊन आलेल्या धनकोला जे शक्य नव्हते ते मालकाला शक्य होते.

यामागची भूमिका समजणे कठीण नाही. रेल्वेला सिग्नलवाला किंवा फिटर शिकवून तयार करायला वेळ आणि पैसा लागत असे. तो वर्ष-दोन वर्षांत निघून गेला तर शिकवलेले वाया जात असे. अंशदान म्हणजे टिकून राहण्याचे बक्षीस, अशी मालकाची समजूत होती. बक्षिसाला अट घालता येते, मजुरीला घालता येत नाही. पुढील सर्व वाद या एका भेदाभोवती फिरला आहे.

१९५२ मध्ये कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी कायदा आला आणि सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद व कापड या सहा उद्योगांतील कामगारांना लागू झाला. त्याच्या मूळ योजनेतही जुनी अट शिल्लक होती, फक्त ती पायऱ्यापायऱ्यांची झाली होती. सदस्यत्वाची वर्षे जितकी कमी, तितका मालकाच्या वाट्यातला मोठा हिस्सा कापला जाई. दीर्घ सदस्यत्वानंतरच तो वाटा पूर्णपणे कामगाराचा होई. परंतु १९२५ च्या व्यवस्थेहून एक महत्त्वाचा फरक होता. कापलेली रक्कम कारखानदाराला परत मिळत नसे. ती निधीच्याच समपहरण खात्यात जमा होई. समपहरण म्हणजे साध्या भाषेत जप्ती. जमिनीच्या बाबतीत आपण ज्याला सरकारजमा म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. या खात्यातील पैशातून १९६० साली विशेष राखीव निधी उभा केला गेला. ज्या कामगारांचे मालक वर्गणी कापून घेत पण निधीत भरत नसत, अशा कामगारांचे देणे त्यातून भागवले जाई. थोडक्यात, लवकर नोकरी सोडणाऱ्या कामगाराचा पैसा लबाड मालकाच्या हाती सापडलेल्या दुसऱ्या कामगाराला मिळू लागला. ही योजना हुशारीची होती यात शंका नाही. मात्र लबाडीची भरपाई लबाडाकडून होण्याऐवजी एका गरिबाकडून दुसऱ्या गरिबाला होत होती, हेही नोंदवले पाहिजे.

पुढे ही कपात रद्द झाली. आज भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात मालकाने भरलेला वाटा पहिल्या महिन्यापासून कर्मचाऱ्याचा असतो. तो काढायचा केव्हा आणि त्यावर कर किती हे प्रश्न वेगळे. पाच वर्षांच्या आत काढल्यास कर लागतो म्हणून अनेकांना वाटते की पाच वर्षांपूर्वी मालकाचा वाटा बुडतो. तसे नाही. हक्क निहित झालेला आहे, फक्त करसवलत अजून मिळालेली नाही.

आतापर्यंतच्या उदाहरणांत निदान एक खाते होते, त्यावर कर्मचाऱ्याचे नाव होते आणि रक्कम मोजता येत होती. सरकारी निवृत्तिवेतनात तसे काहीच नसते. तिथे मालक कोणाच्याही नावाने काही जमा करत नाही. केवळ एक आश्वासन देतो. त्यामुळे निहित न झालेला पैसा जातो कुठे, या प्रश्नाचे उत्तर येथे सर्वांत विचित्र आहे. तो कुठेच जात नाही, कारण तो कधी ठेवलेलाच नव्हता. फक्त एक देणे पुसले जाते. दिल्लीच्या वीजपुरवठा यंत्रणेतील एका शिपायाचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

हा मनुष्य ९ जुलै १९६८ रोजी रोजंदारी मजूर म्हणून कामाला लागला. २२ डिसेंबर १९७१ रोजी त्याला शिपाई या पदावर नियमित करण्यात आले. ७ जुलै १९९० रोजी त्याने राजीनामा दिला आणि तो १० जुलैपासून मंजूर झाला. रोजंदारीचा पहिला दिवस धरला तर बावीस वर्षे होतात; नियमित झाल्यापासून मोजले तर साडेअठराच्या आसपास. तेव्हाचे केंद्रीय निवृत्तिवेतन नियम १९७२ चे होते आणि वीजमंडळाच्या कर्मचाऱ्यांना तेच लागू होते. त्यांतील दोन नियम येथे समोरासमोर येतात. नियम ४८-अ म्हणत होता की वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. त्याला निवृत्तिवेतन मिळे. नियम २६ म्हणतो की राजीनामा दिला की मागील सर्व सेवेचे समपहरण होते. अपवाद ठळक असा एकच : रीतसर परवानगी घेऊन, जिथे ही सेवा मोजली जाते अशा दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा.

दरम्यान वीजमंडळाचे विभाजन झाले. १ जुलै २००२ पासून दिल्लीतील वीजवितरण तीन कंपन्यांकडे गेले आणि पूर्व व मध्य दिल्लीचा भाग बीएसईएस यमुना या कंपनीकडे आला. निवृत्तिवेतनाची मागणी तिच्याकडे पोहोचली तेव्हा कंपनीने दोन कारणे देऊन ती नाकारली : राजीनाम्यामुळे सेवा जप्त झाली, आणि तसेही वीस वर्षे पूर्ण नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयात एकल न्यायाधीश आणि नंतर खंडपीठ, दोन्ही ठिकाणी निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला. त्याला आधार होता आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निर्णयाचा. तिथे तेवीस वर्षे सेवा करून राजीनामा दिलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मंजूर झाले होते आणि त्याच्या राजीनाम्याकडे स्वेच्छानिवृत्ती म्हणून पाहिले गेले होते. परंतु मार्च २०१९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो दृष्टिकोन चुकीचा ठरवला. त्यानंतर ५ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड व न्यायमूर्ती रॉय यांनी दिल्लीच्या या प्रकरणाचा निकाल कंपनीच्या बाजूने दिला.

निकालातील तर्क असा. वीस वर्षे भरली होती की नाही, या वादात शिरण्याचे कारणच नाही. ती भरली असती तरी राजीनामा हा राजीनामाच राहतो आणि नियम २६ प्रमाणे मागील सेवा नाहीशी होते. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांचे परिणाम नियमकर्त्यांनी जाणूनबुजून वेगळे ठेवले आहेत. न्यायालयाने एकाला दुसऱ्याचे नाव दिले तर नियम २६ निरर्थक ठरेल.

कायद्याचा अर्थ म्हणून हा निकाल मला बिनचूक वाटतो. नियम म्हणून मात्र नियम २६ कडे पाहिले की अस्वस्थता वाटते. १९८२ च्या डिसेंबरमध्ये नाकरा प्रकरणात याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की निवृत्तिवेतन हे बक्षीस नाही, मालकाच्या मर्जीवरची कृपा नाही. ते केलेल्या कामाचे पुढे ढकललेले मोल आहे. ते खरोखर पुढे ढकललेले मोल असेल, तर अठरा वर्षांच्या कामाचे मोल एका शब्दाने शून्य कसे होते, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. विसंगती आणखी एका ठिकाणी दिसते. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा झालेला कर्मचारी वयोमानाने निवृत्त झाला तर त्याला निवृत्तिवेतन मिळत नाही, पण एकरकमी सेवा उपदान मिळते. म्हणजे आठ वर्षे सेवा करून वयाने बाहेर पडलेल्याला काहीतरी मिळते आणि एकोणीस वर्षे सेवा करून राजीनामा देणाऱ्याला या नियमांखाली काही नाही. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतही राजीनाम्याचा परिणाम हाच आहे, तेव्हा ही केवळ दिल्लीची गोष्ट नव्हे.

आस्थापना शाखेत काम केलेल्यांना ठाऊक असते की अर्ज लिहिणारा पुष्कळदा हा भेद जाणत नाही. घरची अडचण असते, गावी परतायचे असते. शेजारच्या टेबलावरील जुन्या अर्जाची नक्कल करून ‘राजीनामा स्वीकारावा’ असे लिहिले जाते. सेवापुस्तकातील नोंदींची बेरीज करून, ‘तुमची वीस वर्षे अमुक तारखेला पूर्ण होतात, तोवर थांबा आणि अर्जात निवृत्ती हा शब्द लिहा’ असे सांगणारा लिपिक भेटला तर आयुष्यभराचे निवृत्तिवेतन वाचते. असे सांगणे कोणत्याही नियमपुस्तिकेने त्याच्यावर बंधनकारक केलेले नाही. बेरजेत सर्वांत घातक चूक रोजंदारीच्या वर्षांची असते. कर्मचारी पहिल्या दिवसापासून मोजतो. अर्हताकारी सेवा नियमित नेमणुकीपासून मोजली जाते आणि आधीचा काळ त्यात धरायचा की नाही, हे स्वतंत्र आदेशावर ठरते.

याच दिल्लीत उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, प्रवास वेगळ्या दिशेने झाला. १९७२ च्या उपदान कायद्यात पाच वर्षांच्या सलग सेवेची अट होती, पण ती पूर्ण झाल्यावर राजीनामा दिला तरी उपदान मिळे. तसे कायद्यातच लिहिले होते. दिल्ली महानगरपालिकेने केंद्राचे निवृत्तिवेतन नियम स्वीकारले होते, म्हणून तिचा दावा होता की आपल्या कर्मचाऱ्यांना हा कायदा लागू नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. कायद्यातून रीतसर सूट घेतलेली नसेल तर महापालिकेच्या कर्मचाऱ्याला उपदान कायद्याप्रमाणेच द्यावे लागेल, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे एकाच प्रकारच्या संस्थेत एकच राजीनामा निवृत्तिवेतनाची सेवा पुसून टाकतो आणि उपदानाची सेवा तशीच ठेवतो.

पाच वर्षांच्या या अटीचा खरा हिशेब खासगी कंपन्यांत पाहावा. समजा, नोएडातील एका कंपनीत एखाद्याचे उपदानासाठी धरले जाणारे मासिक वेतन ५२,००० रुपये आहे. सूत्र असे आहे की मासिक वेतनाला २६ ने भागायचे आणि १५ ने गुणायचे. हे झाले एका वर्षाचे उपदान. येथे ते ३०,००० रुपये येते. पाच वर्षे पूर्ण करून तो गेला तर १,५०,००० रुपये घेऊन जातो. साडेचार वर्षांनी गेला तर काहीही घेऊन जात नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरतात, या नियमाच्या भरवशावर अनेकजण येथे फसतात. तो नियम रक्कम काढण्यासाठी आहे, उंबरठा ओलांडण्यासाठी नाही. पाचव्या वर्षात २४० दिवस काम झाले असेल तर ते वर्ष पूर्ण धरावे, असे मद्रास उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले आहे. पण सर्वच मालक ते स्वीकारत नाहीत आणि त्यासाठी नियंत्रक प्राधिकाऱ्यापुढे भांडावे लागते. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास मात्र पाच वर्षांची अट उरत नाही.

साडेचार वर्षांनी गेलेल्या या माणसाच्या नावाने चार वर्षांत काय झाले? दूरदर्शी कंपनी उपदानासाठी न्यास स्थापन करते आणि त्यात, बहुधा विमा कंपनीमार्फत, दरवर्षी भर टाकते. किती भर टाकावी हे विमागणिती सांगतो आणि त्याच्या गणितात एक आकडा असतो : दरवर्षी शंभरांतले किती लोक सोडून जातील. हा आकडा मोठा असेल तर तरतूद कमी करावी लागते, कारण पुष्कळजण पाच वर्षांपूर्वीच जाणार हे गृहीत असते. म्हणजे नोकऱ्या भराभर बदलणारा तरुण निघून जातो तेव्हा त्याची रक्कम कोणी काढून घेत नाही. ती न्यासातच राहते आणि पुढच्या वर्षी कंपनीला तेवढे कमी भरावे लागते. जप्तीचा आदेश निघत नाही, समपहरण खाते दिसत नाही, तरी लाभ मालकाकडे पोहोचतो. अमेरिकेत कर्मचाऱ्याच्या नावे स्वतंत्र खाते असलेल्या निवृत्ती योजनांत मालकाचा वाटा तीन वर्षांत एकदम किंवा सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्का झालाच पाहिजे, असे कायद्याचे बंधन आहे. या बंधनांची सुरुवात १९७४ च्या कायद्याने झाली आणि त्यामागे १९६३ मध्ये साउथ बेंड येथील स्टुडबेकर मोटार कारखाना बंद पडल्यावर हजारो कामगारांचे निवृत्तिवेतन बुडाल्याची आठवण होती. तेथे पायऱ्या आहेत. आपल्या उपदानाला एकच उंच उंबरठा आहे.

तो उंबरठा नुकताच एका कोपऱ्यात तासला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात उपदान मिळण्याची सोय झाली. कायम कर्मचाऱ्याला मात्र पाच वर्षे थांबावे लागतेच. दोन वर्षांच्या करारावर आलेला उपदान घेऊन जाईल आणि शेजारी बसणारा कायम नोकर चार वर्षांनी रिकाम्या हाताने जाईल, असे दृश्य आता नोएडात आणि गुडगावात दिसू शकेल.

केंद्र सरकारच्या नोकरीत नियम २६ ची धार २००४ मध्येच बोथट झाली होती. १ जानेवारी २००४ नंतर रुजू झालेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तिच्यात प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते आणि सरकारचे अंशदान, प्रथम १० टक्के व एप्रिल २०१९ पासून १४ टक्के, त्यात जमा होते. राजीनामा दिला तरी खाते त्याचेच राहते. रक्कम केव्हा व कोणत्या रूपात मिळेल यावर निर्बंध आहेत, पण ती पुसली जात नाही. या योजनेवर कर्मचारी संघटनांचा मोठा रोष होता आणि निवृत्तिवेतनाची शाश्वती गेली ही त्यांची तक्रार रास्त होती. पण वर वर्णन केलेल्या शिपायाच्या जागी कोणी असता तर त्याच्या दृष्टीने हीच योजना अधिक न्याय्य ठरली असती, ही बाजू त्या वादात फारशी मांडली गेली नाही.

१ एप्रिल २०२५ पासून आलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत जुना आणि नवा असे दोन्ही विचार शेजारी ठेवलेले दिसतात. सरकार एकूण १८.५ टक्के देते. त्यांपैकी १० टक्के कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक संचितात जातात आणि ८.५ टक्के सर्वांच्या मिळून असलेल्या सामाईक संचितात. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर पूर्ण हमी, दहा ते पंचवीस वर्षांपर्यंत प्रमाणशीर हमी, आणि दहा वर्षांनंतर किमान दहा हजार रुपये दरमहा. मात्र बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा राजीनामा झाल्यास ही हमी मिळणार नाही, असे २४ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेतच म्हटले आहे. सामाईक संचितातील ८.५ टक्क्यांवर कोणाचेच नाव नाही, त्यामुळे राजीनामा देणाऱ्याच्या सेवाकाळात तेथे जमा झालेली रक्कम तेथेच राहील आणि पंचवीस वर्षे थांबलेल्यांची हमी भागवण्याच्या कामी येईल.